एक पैठणी, दोन गिऱ्हाइके

साठा तपासणे आणि साठा कमी करणे ही दोन वेगळी कामे आहेत आणि त्यांच्यामध्ये थोडा तरी वेळ जातोच. ऑनलाइन दुकानात एकच नग उरलेला असताना दोन गिऱ्हाइकांनी एकाच क्षणी खरेदीचे बटण दाबले आणि दोघांची तपासणी त्या मधल्या वेळात उरकली, तर दोघांनाही ‘माल आहे’ असेच उत्तर मिळते. दोन ऑर्डरी नोंदल्या जातात, दोघांचे पैसे कापले जातात आणि कपाटात वस्तू मात्र एकच असते. संगणकाच्या क्षेत्रात या दोषाला ‘रेस कंडिशन’ म्हणतात. दोन कामे एकमेकांशी शर्यत लावल्यासारखी धावतात आणि कोणती पायरी आधी पडते यावर निकाल बरोबर येणार की चूक, ते ठरते.

ज्या दुकानात प्रत्येक वस्तूचे शंभर नग असतात, तिथे एखादी जास्तीची ऑर्डर खपून जाते. नवा माल मागवता येतो. हातमागावरच्या पैठणीचे तसे नसते. एका रंगाची, एका पदराची साडी एकच विणलेली असते आणि तशीच दुसरी हवी तर विणकराला पुन्हा कित्येक आठवडे मागावर बसावे लागते. अशा दुकानाच्या डेटाबेसमध्ये त्या साडीच्या ओळीत साठ्याचा आकडा १ असतो आणि विक्रीनंतर तो ० व्हायला हवा. इतका साधा हिशेब चुकतो कसा, हे समजायला याच एका साडीचा प्रवास पुरेसा आहे.

दुकानाचा प्रोग्रॅम सहसा असा लिहिलेला असतो: आधी साठा वाचायचा, तो शून्यापेक्षा जास्त आहे का ते पाहायचे, असल्यास ऑर्डरची नोंद करायची आणि मग साठ्यात नवा आकडा लिहायचा. डेटाबेसला जाणाऱ्या सूचना काहीशा अशा दिसतात:

```sql
SELECT qty FROM stock WHERE id = 41;
-- प्रोग्रॅम तपासतो: qty > 0 आहे का?
INSERT INTO orders (item_id, buyer_id) VALUES (41, 902);
UPDATE stock SET qty = 0 WHERE id = 41;
```

शेवटच्या ओळीतला ० प्रोग्रॅमने स्वतः काढलेला आहे. त्याने १ वाचला, त्यातून १ वजा केला आणि उत्तर लिहायला दिले. एकच गिऱ्हाईक असेल तर यात काहीच चूक नाही. वाचताना तर्कही बिनतोड वाटतो, आणि म्हणूनच हा दोष वर्षानुवर्षे लपून राहतो.

आता नाशिकची एक बाई आणि ठाण्याची एक बाई एकाच वेळी बटण दाबतात असे धरू. सर्व्हर विनंत्या एकामागून एक हाताळत नाही. तो अनेक विनंत्या एकदम हाती घेतो आणि प्रत्येकीसाठी वरचा प्रोग्रॅम स्वतंत्रपणे चालवतो. नाशिकची विनंती चौथ्या मिलिसेकंदाला साठा वाचते; उत्तर १. ठाण्याची नवव्या मिलिसेकंदाला वाचते. उत्तर पुन्हा १, कारण अजून कोणी काही लिहिलेलेच नाही. पंधराव्या मिलिसेकंदाला नाशिकची ऑर्डर नोंदली जाते, एकविसाव्याला ठाण्याची. चोविसाव्याला नाशिकची विनंती साठ्यात ० लिहिते आणि तिसाव्याला ठाण्याचीही ० लिहिते. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. पापणी लवण्याच्या आत दोन विक्री पूर्ण झालेल्या असतात.

या घटनेत डेटाबेसने खोटे उत्तर कुणालाच दिलेले नाही. नवव्या मिलिसेकंदाला साठा खरोखरच १ होता. पण त्या उत्तरावर विसंबून ठाण्याची ऑर्डर बारा मिलिसेकंदांनंतर लिहिली गेली आणि त्या वेळेपर्यंत उत्तर शिळे झाले होते. तपासणी आणि कृती यांच्यामधली ही फट हाच दोष. बाकी सगळे तिचे परिणाम.

जुन्या नाट्यगृहाच्या तिकीटखिडकीवर हा प्रश्न उद्भवत नसे. खिडकीमागे बसलेल्या माणसासमोर खुर्च्यांचा एकच प्लॅन असे. तोच पाही, तोच फुली मारी आणि फुली मारल्याशिवाय पुढच्याला विचारत नसे. त्याच प्लॅनच्या दोन प्रती काढून दोन खिडक्यांवर दिल्या, की एका खुर्चीवर दोघे बसायला येणारच.

डेटाबेस अखेरीस काय दाखवतो, तेही पाहण्यासारखे आहे. साठा ० आहे. तो असायलाही ०च हवा. साठ्याचे पान उघडून पाहणाऱ्या व्यवस्थापकाला सगळे आलबेल दिसते. हीच सूचना ‘जो आकडा असेल त्यातून एक वजा कर’ अशी लिहिली असती, तर साठा उणे एकवर गेला असता आणि कोणाच्या तरी डोळ्यांत खुपला असता. स्वतः काढलेला आकडा परत लिहिण्याच्या पद्धतीत दुसरी नोंद पहिलीवर बसते आणि पहिलीचा मागमूस उरत नाही. डेटाबेसच्या अभ्यासात याला ‘लॉस्ट अपडेट’ असे नाव आहे. शेवटचाच नग असायला हवा असेही नाही. साठा ५० असताना दोन विनंत्या अशा एकमेकींवर आल्या, तर दोघी ४९ लिहितात आणि साठा खऱ्यापेक्षा एकने जास्त राहतो. ही चूक तेव्हा कुणाला कळत नाही. ती सणाच्या गर्दीत, माल संपता संपता, भलत्याच गिऱ्हाइकाच्या माथी बसते.

मग दुकान उघडल्यापासून रोज असे का होत नाही? याचे उत्तर साध्या गणितात आहे. वाचणे आणि लिहिणे यांच्यात २० मिलिसेकंदांची फट आहे असे धरू. एखाद्या वस्तूसाठी मिनिटाला सरासरी एक विनंती येत असेल, तर पहिल्या विनंतीच्या फटीत दुसरी सापडण्याची शक्यता ६०,००० मिलिसेकंदांत २०, म्हणजे तीन हजारांत एक. पण सेल सुरू झाला आणि त्याच वस्तूसाठी सेकंदाला २०० विनंत्या येऊ लागल्या, की त्याच २० मिलिसेकंदांत सरासरी चार विनंत्या येतात. जी गोष्ट एरवी क्वचित घडते, ती गर्दीत हटकून घडते. प्रोग्रॅम तपासणारा माणूस एका वेळी एकच बटण दाबतो, म्हणून त्याच्यासमोर ती कधीच येत नाही.

अनेकांचा पहिला उपाय असतो तो सगळ्या सूचना एका ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळण्याचा. ट्रान्झॅक्शन म्हणजे सूचनांचा असा गट, जो पूर्ण तरी होतो किंवा मुळीच होत नाही. ऑर्डर नोंदली गेली आणि साठा कमी व्हायच्या आत सर्व्हर बंद पडला, अशी अर्धवट अवस्था त्यामुळे टळते. पण अर्धवट काम टळणे वेगळे आणि दोन कामे एकमेकांत न मिसळणे वेगळे. दुसऱ्या गोष्टीला ‘आयसोलेशन’ म्हणतात आणि ती किती कडक असावी याच्या पातळ्या ठरलेल्या आहेत. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये वेगळे काही सांगितले नाही, तर ‘रीड कमिटेड’ ही पातळी लागू होते. तिच्यात वरच्या चारही ओळी ट्रान्झॅक्शनमध्ये घातल्या, तरी दोघी १ वाचतात, दोघी ऑर्डर नोंदतात. दुसरी विनंती लिहिताना पहिलीचे काम पूर्ण होईपर्यंत थांबते खरी, पण थांबून शेवटी ०च लिहिते.

पातळी चढवून ‘रिपीटेबल रीड’ केली, तर पोस्टग्रेस दुसऱ्या विनंतीला लिहू देत नाही. आपण वाचलेली ओळ मध्येच कोणीतरी बदलली, हे ओळखून तो पुढील संदेश देतो आणि तिचे सगळे काम रद्द करतो:

```
ERROR:  could not serialize access due to concurrent update
```

प्रोग्रॅमने हा संदेश पकडून काम पुन्हा पहिल्यापासून करायचे असते. मायएसक्यूएलच्या नेहमीच्या इनोडीबी साठ्यात तर ‘रिपीटेबल रीड’ हीच न सांगता लागू होणारी पातळी आहे. पण तिथे असा संदेश येत नाही आणि दुसरी नोंद निमूटपणे पहिलीवर बसते. नाव एक, वागणूक दोन. एसक्यूएलच्या १९९२ सालच्या प्रमाणकातल्या या पातळ्यांच्या व्याख्या अपुऱ्या आहेत, हे हॅल बेरेन्सन, जिम ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली एका निबंधात दाखवून दिले. प्रमाणकाने नावानिशी न सांगितलेल्या दोषांमध्ये त्यांनी ‘लॉस्ट अपडेट’चीही नोंद केली. जिम ग्रे यांना ट्रान्झॅक्शनविषयीच्या कामासाठी १९९८ चे ट्युरिंग पारितोषिक मिळाले. विषयाचा असा पाया घालणाऱ्यांनी हा दोष नाव देऊन सांगितल्यानंतरही तो नव्याने लिहिल्या जाणाऱ्या प्रोग्रॅममध्ये येत राहिला.

किती येत राहिला, याची झलक २०१७ साली मिळाली. स्टॅनफर्ड विद्यापीठातील टॉड वॉर्शॉव्स्की आणि पीटर बेलिस यांनी ऑनलाइन दुकाने उभारण्याची बारा लोकप्रिय सॉफ्टवेअरे तपासली. ती मिळून वीस लाखांहून अधिक संकेतस्थळांवर वापरात होती. त्यांत बावीस गंभीर त्रुटी सापडल्या: साठ्याचा हिशेब बिघडवणे, एकच गिफ्ट कार्ड त्यातल्या रकमेपेक्षा जास्त वापरणे, पैसे न देता माल नेणे. यांतल्या बऱ्याच ठिकाणी आयसोलेशनच्या पातळीपर्यंत प्रश्न पोहोचतच नव्हता, कारण तपासणी आणि नोंद एका ट्रान्झॅक्शनमध्येच नव्हती. दोघांनी या हल्ल्यांना ‘ॲसिडरेन’ असे नाव दिले. हल्ला हा शब्द इथे सार्थ आहे. फट योगायोगाने सापडण्याची वाट पाहायचे कारण नाही. मुद्दाम शेकडो विनंत्या एकदम पाठवल्या, की ती सापडतेच. फ्लेक्सकॉइन ही बिटकॉइन सांभाळणारी कंपनी मार्च २०१४ मध्ये अशीच बुडाली. एका खात्यातून दुसऱ्या खात्यात रक्कम वळवण्याच्या हजारो विनंत्या एकाच वेळी आल्या, शिल्लक बदलण्याआधीच त्या तपासणीतून पार झाल्या आणि ८९६ बिटकॉइन गेले. तिथे साडीऐवजी शिल्लक होती. फट तीच होती.

खरा उपाय फट बुजवण्याचा आहे आणि तो आश्चर्य वाटावे इतका छोटा आहे. तपासणी आणि वजाबाकी एकाच सूचनेत करायची:

```sql
UPDATE stock SET qty = qty - 1
WHERE id = 41 AND qty >= 1;
```

ही सूचना आधी वाचून मग लिहीत नाही, निदान बाहेरून तरी तसे दिसत नाही. नाशिकची विनंती त्या ओळीला कुलूप लावते, साठा ० करते आणि आपला ट्रान्झॅक्शन पूर्ण करते. तोवर ठाण्याची विनंती दाराशी थांबलेली असते. कुलूप निघाल्यावर पोस्टग्रेस तिला जुन्या आकड्यावर पुढे जाऊ देत नाही. ‘साठा निदान एक असावा’ ही अट तो नव्या आकड्यावर पुन्हा तपासतो. आकडा ० आहे, अट खोटी ठरते, एकही ओळ बदलत नाही.

इथे एक बारकावा आहे आणि तो हुकला, तर सगळे मुसळ केरात. ओळ बदलली नाही, म्हणून डेटाबेस चूक दाखवत नाही. सूचना व्यवस्थित पार पडली, शून्य ओळी बदलल्या, एवढेच तो कळवतो. हा आकडा वाचणे प्रोग्रॅमचे काम आहे. १ आला तरच ऑर्डर नोंदायची. ० आला तर ‘माल संपला’ असे गिऱ्हाइकाला सांगायचे. बदललेल्या ओळींची संख्या न पाहता पुढे ऑर्डर नोंदणारे प्रोग्रॅम असतात आणि त्यांच्यात साठा कधीच चुकत नाही, ऑर्डरी मात्र जास्तीच्या निघतात. म्हणून क्रमही बदलावा लागतो: आधी साठा कमी करायचा, मग ऑर्डर लिहायची आणि दोन्ही एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये.

तपासणी एका अटीत बसण्याइतकी सोपी नसेल, उदाहरणार्थ गिऱ्हाईक आणि ऑफर पाहून निर्णय घ्यायचा असेल, तर वाचतानाच ओळीला कुलूप लावता येते. त्यासाठी वाचण्याच्या सूचनेच्या शेवटी `FOR UPDATE` हे शब्द जोडतात. मग दुसरी विनंती लिहिताना थांबण्याऐवजी वाचतानाच थांबते आणि पहिलीचे काम आटोपल्यावर ताजा आकडा वाचते. प्रोग्रॅमच्या आत, सर्व्हरच्या स्मृतीत लावलेले कुलूप मात्र पुरत नाही. दुकान वाढले आणि एकाच्या जागी दोन सर्व्हर आले, की एकाचे कुलूप दुसऱ्याला दिसत नाही. कुलूप तिथेच लावायचे जिथे साठ्याचा आकडा एकच एक आहे. डेटाबेसला ‘साठा शून्याखाली जाऊ देऊ नकोस’ असा कायमचा नियम घालून देणे चांगलेच. पण वर पाहिलेल्या पहिल्या प्रोग्रॅमला हा नियम अडवत नाही: दोन्ही विनंत्या ० लिहितात आणि ० नियमात बसतो.

हे सगळे बटण दाबताक्षणी पैसे मिळतात असे धरून झाले. प्रत्यक्षात गिऱ्हाईक यूपीआयच्या पानावर जाते, फोन शोधते, पिन विसरते. तेवढी मिनिटे ओळीला कुलूप लावून ठेवले, तर बाकीच्या विनंत्या खोळंबतात आणि गर्दीच्या वेळी अख्खे दुकान ठप्प होते. म्हणून पैसे भरण्याआधीच साठा कमी करून साडी त्या गिऱ्हाइकाच्या नावे दहा मिनिटे राखून ठेवतात. कुलूप क्षणभरच लागते. राखीव असल्याची नोंद मात्र टिकते. मुदत संपली, की दुसरा एक छोटा प्रोग्रॅम ती नोंद रद्द करून साडी पुन्हा विक्रीला ठेवतो.

यातून तीच फट नव्या जागी उघडते. दहावे मिनिट भरत असताना बँकेकडून ‘पैसे मिळाले’ असा निरोप येतो आणि त्याच क्षणी मुदत संपवणारा प्रोग्रॅमही कामाला लागतो. दोघांनी नोंद वाचली, दोघांना ती ‘राखीव’ दिसली, तर एक जण साडी विकतो आणि दुसरा ती पुन्हा कपाटात मांडतो. औषध तेच आहे. ‘राखीव असेल तरच विकलेली कर’ आणि ‘राखीव असेल तरच मोकळी कर’ अशा अटीसह दोन्ही सूचना द्यायच्या. ज्याची सूचना आधी पोहोचेल तो जिंकतो आणि दुसऱ्याच्या हाती शून्य ओळी येतात. पैसे आले पण साडी मोकळी होऊन दुसरीकडे गेली, अशा वेळी पैसे परत करण्याची वाट आधीच आखून ठेवावी लागते.

आपल्या दुकानात हा दोष आहे का, हे कळायला सेलची वाट पाहायला नको. चाचणीच्या सर्व्हरवर साठा १ ठेवायचा, वाचणे आणि लिहिणे यांच्यामध्ये मुद्दाम दोन सेकंदांचा थांबा घालायचा आणि दोन विनंत्या एकदम सोडायच्या:

```bash
curl -X POST https://shop.example/buy -d item=41 &
curl -X POST https://shop.example/buy -d item=41 &
wait
```

ओळीच्या शेवटच्या `&` मुळे पहिलीचे उत्तर येण्याची वाट न पाहता दुसरी सुटते. दोन्हींना ‘ऑर्डर मिळाली’ असे उत्तर आले, तर फट आहे. चालू दुकानात आधी घडून गेलेले शोधायचे असेल, तर साठ्याचा आकडा पाहून काही कळत नाही, तो ०च असतो. सुरुवातीला आलेला माल आणि नंतरची भर यांच्या बेरजेतून विकलेले नग वजा करायचे आणि उत्तर साठ्याशी ताडून पाहायचे. रद्द झालेल्या ऑर्डरी परत साठ्यात धरल्या का, हेही त्यातच उघड होते.

उपायालाही मर्यादा आहे. एकाच वस्तूवर हजारो लोक तुटून पडले, तर सगळे एकाच ओळीच्या कुलपापुढे रांगेत उभे राहतात आणि सर्व्हर कितीही वाढवले, तरी ती रांग एकेकानेच पुढे सरकते. टोपलीत दोन वस्तू असल्या आणि एका विनंतीने आधी पहिलीला, दुसरीने आधी दुसरीला कुलूप लावले, तर दोघी एकमेकींसाठी अडून बसतात. डेटाबेस अखेर एकीला माघारी पाठवतो. वस्तूंना नेहमी क्रमांकाच्या चढत्या क्रमाने कुलूप लावले, तर हा पेच पडत नाही. काउंटरवर रोख विकलेली साडी संध्याकाळपर्यंत डेटाबेसमध्ये चढली नाही, तर मात्र कोणतीही सूचना उपयोगाची नाही. त्यामुळे दुकानाचे संकेतस्थळ दुसऱ्याकडून बनवून घेणाऱ्याने दोनच गोष्टी विचाराव्यात: साठा कमी करणाऱ्या सूचनेतच ‘माल असेल तरच’ ही अट आहे का, आणि काउंटरवरची विक्री त्याच आकड्यातून वजा होते का.